खप वरखाली होतो, मग फोन किती पाकिटं उरल्यावर करायचा?

"ताई नमस्कार. इंदूरला लोकमान्य नगरात आमचं छोटं दुकान आहे, मराठी घरांत लागतो तो सगळा माल ठेवतो. थालीपीठाच्या भाजणीची अर्ध्या किलोची पाकिटं पुण्याच्या एका गृहउद्योगाकडून येतात, ६० चा एक खोका, खरेदी ९५ रुपये, पाकिटावर ३ महिन्यांची मुदत. मागच्या १२ आठवड्यांचा खप असा: १८, २२, १५, ३१, २०, ३, २४, ५८, १७, २६, १२, १७. त्या ३ च्या आठवड्यात सोमवारीच माल संपला होता, आणि ५८ मधली ४० एका महिला मंडळाने एकदम नेली. फोन केल्यापासून माल यायला मागच्या सहा वेळा ८, ९, ८, १७, १० आणि ८ दिवस लागले. माल मी रविवारी रात्री मोजतो. आई म्हणते शंभरच्या खाली जाऊच देऊ नकोस, मला वाटतं पैसे अडकतात. नेमकी किती उरली की ऑर्डर टाकू?"

दादा, आकडे लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत, त्यामुळे गोल गोल बोलायची गरज नाही. उत्तर आधीच सांगून टाकते: ४९. म्हणजे दुकानात ४९ पाकिटं उरली की त्याच दिवशी पुण्याला फोन. पण हा ४९ कुठून आला ते समजून घ्या, कारण हा आकडा तुमच्या भाजणीचा आहे, तो मेतकुटाला लावलात तर फसाल, आणि पुढे खप बदलला की तुम्हालाच तो परत काढायचाय.

सगळ्यात आधी ती बारा आकड्यांची यादी साफ करायची. ३ चा आठवडा काढून टाका. त्या आठवड्यात लोकांना ३ च पाकिटं हवी होती असं नाही, तुमच्याकडे ३ च होती. आपल्याला मोजायचीय मागणी आणि वहीत लिहिलेली असते विक्री, आणि माल संपला की या दोन वेगळ्या गोष्टी होतात. हा आठवडा तसाच ठेवला तर गंमत बघा, माल संपला म्हणून सरासरी घटते, सरासरी घटली म्हणून तुम्ही कमी माल ठेवता, म्हणून परत संपतो. एक्सेलमध्ये भरत असाल तर तिथे ० टाकू नका, खाना रिकामा सोडा, रिकामा खाना सरासरीत धरला जात नाही, ० मात्र धरला जातो. याच्या उलट, माल भरलेला होता आणि तरी आठवडाभर कोणी फिरकलं नाही तर तिथे ० च लिहायचा, तो खरा शून्य.

दुसरा तो ५८ वाला आठवडा. मंडळाची ४० बाजूला काढली की उरतात १८, म्हणजे नेहमीसारखाच आठवडा. ती ४० वेगळी का काढायची? तर असा गिऱ्हाईक आधी सांगू शकतो. मंडळाच्या बायकांना सांगून ठेवा की वीसच्या वर पाकिटं हवी असतील तर तीन आठवडे आधी कळवा, मग त्यांचा माल तुमच्या पुढच्या खोक्याबरोबर मागवून घ्या. अशा ऑर्डरीसाठी वर्षभर ४० जास्तीची पाकिटं फळीवर मांडून बसायचं काही कारण नाही. पण हो, अशी मोठी गिऱ्हाइकं न सांगता येत असतील आणि दर दोन-तीन महिन्यांनी येतच असतील तर ती काढू नका, मग तो तुमच्या धंद्याचा स्वभावच झाला. आणि ३१ च्या आठवड्याला अजिबात हात लावू नका. जास्त वाटतो म्हणून आकडा खोडायचा नसतो, तुम्हाला कारण माहीत असेल आणि ते कारण पुढे टाळता येणार असेल तरच खोडायचा.

आता उरले ११ आठवडे, बेरीज २२०, सरासरी बरोब्बर २०. पण नुसत्या सरासरीने काम होत नाही, १२ पासून ३१ पर्यंत जे वरखाली होतंय ते किती हेही एका आकड्यात हवं. त्याला स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणतात, नाव ऐकून घाबरू नका. प्रत्येक आठवडा २० पासून किती लांब आहे ते बघा (१८ असेल तर २, ३१ असेल तर ११), त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा, तुमच्या बाबतीत २९२ येतात, त्याला आठवड्यांपेक्षा एक कमी म्हणजे १० ने भागा, २९.२ आले, आणि त्याचं वर्गमूळ काढा, ५.४. म्हणजे तुमचा आठवडा साधारण २० चा, आणि त्यात ५-६ पाकिटांचं इकडेतिकडे चालतं. यादी साफ न करता हेच गणित केलं असतं तर हा आकडा ५.४ ऐवजी १३.४ आला असता, अडीचपट, आणि तो फक्त दोन आठवड्यांमुळे. "माझा खप फारच अनियमित आहे हो" असं म्हणणारे बरेच दुकानदार खरं तर अशाच एकदोन आठवड्यांमुळे तसं म्हणत असतात.

आता दुसरी बाजू, माल यायला लागणारे दिवस, म्हणजे लीड टाइम. तुम्ही फोन केल्यापासून मोजलंत ते योग्य, फक्त शेवट कुठे धरलात ते एकदा तपासा. ट्रान्सपोर्टच्या गोदामावर माल आल्याचा दिवस धरायचा नाही, बिल्टी दाखवून खोका सोडवून आणला आणि पाकिटं फळीवर लागली तो दिवस धरायचा, कारण गोदामात पडलेली भाजणी विकता येत नाही. तुमच्या सहा वेळांची सरासरी १० दिवस, म्हणजे १.४३ आठवडे. आणि त्यांचं वरखाली, वरच्याच पद्धतीने काढलं तर, साडेतीन दिवस, म्हणजे अर्धा आठवडा.

दहा दिवसांत सरासरी किती पाकिटं जातील? २० गुणिले १.४३, म्हणजे २९. कित्येक जण इथेच थांबतात आणि २९ उरली की ऑर्डर टाकतात. पण २९ ही सरासरी आहे ना, म्हणजे साधारण निम्म्या वेळा खप त्याच्या वर जाणार आणि नवा खोका यायच्या आधी फळी रिकामी होणार. म्हणून २९ च्या वर जो थोडा माल ठेवायचा, तोच सेफ्टी स्टॉक. खरा प्रश्न त्या "थोडा"चाच आहे.

आधी समजा की पुण्याहून माल नेहमी ठरल्याप्रमाणे दहाव्या दिवशी येतो, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. मग फक्त खपाचं वरखाली सांभाळायचं. एका आठवड्याचं ५.४, तर १.४३ आठवड्यांचं किती? इथे सरळ गुणायचं नाही, वर्गमूळाने गुणायचं. कारण एक आठवडा जोरात गेला तर पुढचाही जोरातच जाईल असं नसतं, एकाची भरपाई दुसरा थोडीफार करतो, त्यामुळे चार आठवड्यांचं वरखाली हे एका आठवड्याच्या चौपट होत नाही, दुप्पटच होतं. १.४३ चं वर्गमूळ सुमारे १.२, म्हणून ५.४ चे झाले ६.५. याला १.६५ ने गुणायचं (हा १.६५ कुठला ते पुढे सांगते), की आले ११. म्हणजे २९ आणि ११, चाळीस उरली की फोन. एवढं सोपं असतं, जर माल वेळेवर आला असता तर.

पण तो येत नाही, एकदा १७ दिवस लागलेत. आणि हेच तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही सगळा दोष खपाला देताय आणि खरी गडबड दुसरीकडे आहे. बघा, आठवड्याला २० जातात, आणि माल येण्यात अर्ध्या आठवड्याचा फरक पडतो, म्हणजे त्या एका कारणानेच १० पाकिटांचा फरक पडला. खपाचा फरक ६.५ होता. ही दोन कारणं एकमेकांवर अवलंबून नाहीत, मंगळवारी लोकमान्य नगरात कोणाला थालीपीठ खावंसं वाटलं याचा पुण्याच्या ट्रकशी काय संबंध, म्हणून त्यांची सरळ बेरीज करायची नाही. शाळेतल्या काटकोन त्रिकोणासारखं करायचं, दोघांचे वर्ग मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. ६.५ चा वर्ग ४२, १० चा १००, बेरीज १४२, वर्गमूळ ११.९. गुणिले १.६५, झाले २०. म्हणून सेफ्टी स्टॉक २०, आणि २९ अधिक २० म्हणून ४९.

त्या १४२ मध्ये १०० वाटा कोणाचा आहे ते बघितलंत ना? उशिराचा. खपाचा फक्त ४२. उद्या तुमचा खप घड्याळासारखा दर आठवड्याला २० झाला तरी तुम्हाला १६-१७ पाकिटं जास्तीची ठेवावीच लागतील. म्हणून आधी पुण्याला फोन लावा आणि विचारा की त्या १७ दिवसांच्या वेळी नेमकं काय झालं. भाजणी तयार नव्हती आणि पुढच्या घाण्याची वाट बघत होते? की माल बांधून तयार होता पण ट्रान्सपोर्टवाला इंदूरचं पुरेसं सामान गोळा होईपर्यंत थांबला? पहिलं असेल तर त्यांना सांगा की मला महिन्यातून एक-दीड खोका लागतोच, तुमच्या घाण्याचा दिवस मला कळवत जा, मी त्याच्या आदल्या दिवशी ऑर्डर देतो. दुसरं असेल तर ट्रान्सपोर्ट बदला, किंवा ठरलेल्या वाराला जाणाऱ्या गाडीने मागवा, भाडं थोडं जास्त गेलं तरी हिशेब करून बघा.

आणि एक उलटं वाटेल असं सांगते. समजा ते म्हणाले की १० दिवसांचं वचन देता येत नाही पण १४ दिवसांत नक्की म्हणजे नक्की देतो. घ्या! माल उशिरा येतोय असं वाटेल, पण १४ दिवस पक्के असतील तर सेफ्टी स्टॉक २० वरून १३ वर येतो. ऑर्डर तेवढी आधी टाकावी लागेल, ५३ उरल्यावर, पण फळीवर पडून राहणारा माल कमी होईल. पक्का उशीर परवडतो, बेभरवशाची घाई नाही परवडत.

आता तो १.६५. तो येतो ९५ टक्क्यांवरून, म्हणजे १०० वेळा ऑर्डर टाकली तर ९५ वेळा नवा माल येईपर्यंत जुना पुरावा. याचा अर्थ शंभरातली पाच गिऱ्हाइकं रिकाम्या हाती जातील असा नाही, हा गोंधळ फार जणांचा होतो. तुम्ही ६० चा खोका मागवता, तो तीन आठवडे पुरतो, म्हणजे वर्षाला सतराएक ऑर्डरी, त्यातल्या पाच टक्के म्हणजे वर्षातून एखाद वेळ माल संपेल, तोही दोन-चार दिवस. ९० टक्क्यांवर समाधान असेल तर १.२८ घ्या, सेफ्टी स्टॉक १५ येईल. ९९ हवे असतील तर २.३३, आणि सेफ्टी स्टॉक २८. बघा, पहिल्या ९० टक्क्यांना १५ पाकिटं लागली आणि वरच्या ९ टक्क्यांसाठी आणखी १३. शंभर टक्के मात्र कुठल्याच आकड्याने मिळत नाही.

भाजणीला ९५ मला बरोबर वाटतात, कारण ती नसली तर गिऱ्हाईक बाकीची यादीही दुसऱ्या दुकानातून घेतं. एखाद्या लोणच्याला, जे नसलं तर दुसरं चालतं, तिथे ९० पुरे.

पण एक खरं सांगायला हवं. हे गणित तुमच्या सहाच ऑर्डरींवर बसवलंय, आणि सहातल्या एकीला १७ दिवस लागले होते. असा उशीर खरंच सहातून एकदा होत असेल तर तुमचे ९५ हे ९५ नसून जरा कमीच असतील. हातावर तपासून बघा, १७ दिवसांत सरासरीने ४९ पाकिटं जातात, म्हणजे ४९ उरल्यावर फोन केलात तर तसला प्रसंगही जेमतेम निघतो, पण नेमका त्याच वेळी खप चांगला असेल तर शेवटचे एक-दोन दिवस फळी रिकामी राहील. मला हे चालेल असं वाटतं. तुम्हाला नसेल चालत तर २.३३ वाला आकडा घ्या, ५७ वर फोन करा. यापुढे प्रत्येक ऑर्डरीची फोनची तारीख आणि माल लागल्याची तारीख वहीत लिहीत जा, पंधरा-वीस झाल्या की अंदाज पक्का होईल.

एक्सेल किंवा गूगल शीट वापरत असाल तर साफ केलेला खप B2 ते B13 मध्ये, सरासरी D1 मध्ये, वरखाली D2 मध्ये, लीड टाइम आठवड्यांत D3 मध्ये आणि त्याचं वरखाली आठवड्यांत D4 मध्ये ठेवा.

```
D1: =AVERAGE(B2:B13)
D2: =STDEV.S(B2:B13)
D5: =D1*D3+1.65*SQRT(D3*D2^2+D1^2*D4^2)
```

D5 मध्ये रिऑर्डर पॉइंट, म्हणजे किती उरली की फोन करायचा तो आकडा, येतो, अपूर्णांक आला की वरचा पूर्ण आकडा घ्या. सगळं आठवड्यांतच ठेवा. खप आठवड्यात आणि लीड टाइम दिवसांत भरला तर उत्तर भलतंच येतं, आणि हीच चूक सगळ्यात जास्त होते. आकडा दोनशेच्या वर गेला की समजायचं हेच झालंय.

आता रविवारच्या मोजणीचं. ४९ तेव्हाच चालेल जेव्हा ४९ वर पोचलेलं तुम्हाला त्याच दिवशी कळेल. तुम्ही रविवारी मोजलंत तर ५१ होती, सोमवारी ४८ झाली, आणि तुम्हाला कळणार पुढच्या रविवारी, तेव्हा तीसच उरलेली. म्हणजे १० दिवसांच्या वर आणखी ७ दिवस तुम्हाला सांभाळायचे. आठवड्यातून एकदाच मोजायचं असेल तर हे सगळं १७ दिवसांसाठी काढावं लागतं आणि आकडा ४९ वरून ७० च्या आसपास जातो. फक्त रोज बघत नाही म्हणून वीसएक पाकिटं जास्तीची, जवळजवळ दोन हजार रुपये.

रोज मोजा असं मी म्हणणार नाही, कोण मोजणार रोज दुकान बंद करताना. सोपं काम आहे: ४९ पाकिटं मोजून एका वेगळ्या खोक्यात भरा, खोका चिकटवा, वर फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी लावा आणि मागच्या फळीवर ठेवा. बाकीची पुढे विकायला. पुढची संपली आणि हा खोका उघडायची वेळ आली की चिठ्ठी काढून गल्ल्यात टाका आणि आधी फोन करा, मग खोका उघडा. दुकानावर मुलगा बसलेला असला तरी त्यालाही हे कळतं. नवा माल आला की आधी खोक्यातली उरलेली जुनी पाकिटं पुढे आणा आणि नव्यातून खोका परत ४९ चा करा, नाहीतर तोच खोका महिनोन्महिने मागे पडून राहील आणि मुदत संपेल. आणि मंडळाच्या ऑर्डरीसाठी या खोक्याला हात लावायचा नाही, अगदीच लावावा लागला तर चिठ्ठी तेव्हाच निघाली असं समजा.

अजून एक गोष्ट, फोन करून झाल्यावर फळीवर २५ च दिसतात म्हणून घाबरून दुसरा खोका मागवू नका. हिशेबात फळीवरचा माल आणि वाटेवरचा माल दोन्ही धरायचे, आणि कोणाला कबूल केलेला असेल तो वजा करायचा. फळीवर २५, वाटेत ६०, म्हणजे तुमच्याकडे ८५ आहेत, ४९ च्या खूप वर. हे न बघता दुसऱ्यांदा फोन केला की दोन्ही खोके चार दिवसांच्या अंतराने येतात आणि मग सगळे म्हणतात खप पडला. खप नसतो पडलेला.

काकूंचं शंभरचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही, त्यांनी माल संपल्यावर गिऱ्हाईक कसं वळतं ते पाहिलेलं असणार. पण आकडा बघा. शंभर उरल्यावर ऑर्डर टाकली तर नवा माल येताना सरासरीने ७१ पाकिटं जुनी शिल्लक असतील, म्हणजे ६,७०० रुपयांच्या वर नुसते पडून. ४९ वर टाकली तर २० शिल्लक, १,९०० रुपये. शिवाय नवा खोका लागला की दुकानात १३१ पाकिटं होतात, साडेसहा आठवड्यांचा माल, आणि ३ महिन्यांतले काही दिवस पुण्यात आणि रस्त्यात गेलेलेच असतात. शेवटच्या पाकिटांवर महिनाभराची मुदत उरली की बायका ती उलटी करून तारीख वाचतात आणि परत ठेवतात. ४९ च्या हिशेबात हाच आकडा ८० चा, चार आठवड्यांचा. काकूंना एवढंच विचारा की हे जास्तीचे पाच हजार चकलीच्या भाजणीत घातले तर दिवाळीला बरे नाही का.

दिवाळीवरून आठवलं, हा ४९ सणासुदीला चालत नाही. सरासरी मागच्या आठवड्यांची आणि गरज पुढच्या आठवड्यांची, हे दोन्ही सारखे असतील तेव्हाच गणित खरं. एखाद्या मालाचा खप सणात दुप्पट होत असेल तर त्याचं वरखालीही साधारण दुप्पट होतं, आणि मग रिऑर्डर पॉइंटही सरळ दुप्पट धरा, उगीच जास्त डोकं लावू नका. फक्त तो वेळेत चढवायचा आणि वेळेत उतरवायचा. चढवायचा तो सणाचा खप सुरू व्हायच्या निदान दोन-अडीच आठवडे आधी, कारण माल यायलाच दहा दिवस. आणि उतरवायचा तो सण संपायच्या दहा दिवस आधीच, कारण त्यानंतर मागवलेला खोका सण झाल्यावरच येणार.

मागच्या वर्षीचे आकडे बघताना तारखेला तारीख लावू नका, सणाला सण लावा. २०२५ ची दिवाळी २० ऑक्टोबरच्या आसपास होती, २०२६ ची ८ नोव्हेंबरला, मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे. तारखेवर गेलात तर चकलीची भाजणी तीन आठवडे आधी येऊन बसेल. आणि आपल्या इंदूरची एक खास गोष्ट, जी पुण्याच्या माणसाला सुचणार नाही: आपल्याकडे हिंदी शेजाऱ्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, २०२५ मध्ये त्यांचा ११ जुलैला लागला आणि आपला २५ ला. तुमच्या दुकानात दोन्हीकडचे लोक येत असतील तर उपासाच्या भाजणीचा खप महिनाभर नाही, दीड महिना वर राहतो, आणि आधीच सुरू होतो. आणि थालीपीठाची, उपासाची आणि चकलीची भाजणी तिन्हींचा खप "भाजणी" म्हणून एकत्र लिहू नका, तिघींचे हंगाम वेगळे.

इथल्याच सियागंजच्या घाऊक बाजारातून उचलता त्या मालाला, साबुदाणा, पोहे वगैरे, यातलं काहीच करू नका. आज सांगितलं की उद्या माल मिळतो, तिथे दोन-तीन दिवसांचा जास्तीत जास्त खप एवढाच माल पुरे. पुण्याच्या मालासाठी पैसे लागणारच आहेत, ते इथून मोकळे करा. आणि जो माल ०, ०, ३, ०, १ असा जातो, एखादं महागडं मेतकूट किंवा कसलीशी चटणी, त्यालाही हे गणित लावू नका, तिथे सरासरी आणि वरखाली यांना काही अर्थ उरत नाही. वहीत बघा की कुठल्याही सलग दोन आठवड्यांत जास्तीत जास्त किती गेली, तेवढी उरली की भाजणीच्या खोक्याबरोबर थोडी मागवा, तिच्यासाठी वेगळं भाडं भरू नका.

४९ बरोबर बसलाय का हे कळायला एकच आकडा लिहीत जा: नवा खोका दुकानात आला त्या क्षणी जुनी किती पाकिटं उरली होती. हे आकडे २० च्या आसपास खेळायला हवेत, कधी ८, कधी ३०, चालतं. सलग पाच-सहा वेळा ३० च्या वरच राहिले तर एकतर खप घटलाय किंवा पुण्यावाले सुधारलेत, रिऑर्डर पॉइंट आठ-दहाने खाली आणा. सारखे पाचाच्या आत येत असतील तर माल संपायची वाट न बघता गणित परत करा, आणि ते करताना खपाच्या आधी लीड टाइमचे आकडे तपासा.